कमानीतून मकबरा: किती मागं उभं राहायचं?

आग्र्याला ताजमहालाच्या मोठ्या दरवाजात गाइड पर्यटकांना एक गंमत दाखवतात. दरवाजाच्या आतल्या अंधाऱ्या भागात थांबलं की कमानीतून दिसणारा ताज अवाढव्य वाटतो. तिथून कमानीकडे चालत जावं तसा तो लहान होतो आणि पुन्हा मागं सरकलं की मोठा. जवळ गेल्यावर वस्तू मोठी दिसायला हवी, इथं नेमकं उलटं घडतं. गाइड याचं श्रेय शहाजहानच्या कारागिरांना देऊन पुढं निघतो, पण हे प्रत्येक कमानीत घडतं. ताज तिथून सुमारे 300 मीटरवर आहे. आपण पाच मीटर पुढं गेलो काय आणि मागं आलो काय, त्याच्या दिसण्यात फरक पडत नाही. कमान मात्र दहा मीटरवरून पाच मीटरवर आली की दुप्पट रुंद दिसते. डोळा इमारतीचं माप कमानीशी ताडून घेतो, म्हणून कमान पसरली की ताज आक्रसल्यासारखा वाटतो.

इमारतीचा फोटो कमानीतून किंवा झाडाच्या फांद्यांमधून काढायचा असेल, तर सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो. तरीही बहुतेक जण कमान दिसली की तिच्या तोंडाशी उभे राहतात, मोबाइल वर करतात आणि झूम करत बसतात. नंतर फोटोत एक मिनार अर्धा कापलेला असतो, घुमटाचा कळस कमानीच्या टोकाला टेकलेला असतो, आणि कमान सुंदर आली म्हणून तो फोटो ठेवला जातो. इमारतीपेक्षा चौकट जास्त आवडू लागली की असंच होतं.

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हे समजून घ्यायला ताजपेक्षाही सोयीचा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर 1660च्या सुमारास पूर्ण झाली. चारबागेचं आवार उत्तर-दक्षिण सुमारे 458 मीटर आणि पूर्व-पश्चिम 275 मीटर आहे. कबरीची इमारत ताजसारखी बागेच्या टोकाला नाही, मध्यावर आहे. प्रवेशाचा मोठा दरवाजा दक्षिणेच्या भिंतीत आहे. त्याच्या दारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही स्थपती व अभियंत्याची नावं कोरलेली आहेत. या दरवाजातून सरळ उत्तरेला पाहिलं की पाण्याचा पाट, वाट आणि शेवटी उंच चौथऱ्यावरचा मकबरा अशी एकच रेघ दिसते. आवाराच्या मापावरून अंदाज केला तर चौथरा दरवाजापासून 200 मीटरच्या आसपास पडतो.

फोटो काढण्याआधी ठरवायचं ते हे, की या इमारतीचं काय झाकलं गेलेलं चालणार नाही. मकबऱ्याच्या बाबतीत यादी छोटी आहे. मधला घुमट आणि त्यावरचा कळस, चौथऱ्याच्या कोपऱ्यांवरचे चार मिनार अगदी टोकाच्या छत्रीपर्यंत, दर्शनी भिंतीतली मोठी टोकदार कमान, आणि तिच्या खालचा संगमरवराचा पट्टा. हा पट्टा महत्त्वाचा आहे, कारण इथं संगमरवर फक्त खालच्या भागाला आणि घुमटाला आहे, मधल्या भिंती काळ्या पाषाणाच्या असून त्यावर चुन्याचा पांढरा गिलावा आहे. दगड कुठं संपतो आणि गिलावा कुठं सुरू होतो हे दिसलं नाही तर या इमारतीची खरी गोष्टच फोटोतून निसटते. बाकी बागेतली झुडपं, बाजूच्या भिंती, कडेची मशीद झाकली गेली तरी बिघडत नाही. उलट तेवढ्यासाठीच तर चौकट हवी.

आता उभं राहायचं कुठं? यासाठी शाळेतले समरूप त्रिकोण पुरतात. हिशेबापुरतं धरू की कमानीचं तोंड 3 मीटर रुंद आहे, मकबरा 200 मीटरवर आहे, आणि दोन पुढच्या मिनारांमधलं अंतर 60 मीटर आहे. मिनारांच्या बाहेर दोन्हीकडे पाच-पाच मीटर आकाश सुटायला हवं, म्हणजे कमानीतून 70 मीटर रुंदीचा तुकडा दिसला पाहिजे. कमानीच्या मागं 6 मीटरवर उभं राहिलो तर सुमारे 103 मीटरचा तुकडा दिसतो. मिनार आत आले, पण दोन्हीकडे बरीच मोकळी जागा उरली, मकबरा दूरचा आणि किरकोळ वाटतो. 12 मीटरवर गेलो तर जेमतेम 53 मीटर दिसतात, म्हणजे घुमट भरदार झाला पण मिनार कमानीच्या बाजूंमागं गेले. 9 मीटरवर तुकडा बरोबर 70 मीटरचा होतो. सहा, नऊ, बारा. चार-चार पावलांचं हे अंतर, आणि तेवढ्यात चित्र किरकोळ, नेमकं आणि कापलेलं अशा तीन अवस्थांतून जातं. प्रत्यक्ष जागेवर आकडे वेगळे निघतील. तिथं फूटपट्टीची गरज नाही. मिनार कमानीला टेकेपर्यंत मागं चालत जायचं, मग हवा सुटेल इतकं पुढं यायचं.

इमारत आणि कमान यांचं परस्पर प्रमाण पायांनी ठरतं. झूमने त्यात काडीचाही बदल होत नाही, झूम दोघांनाही सारखंच मोठं करतो. म्हणून आधी जागा आणि मग भिंग. नऊ मीटरवर उभं राहून मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने उभा फोटो घेतला तर कमानीचं तोंड चित्राच्या जेमतेम एक तृतीयांश रुंदीचं येतं आणि दोन्ही बाजूंना काळोखाचे जाड पट्टे उरतात. तिथं `2x` दाबलं की तोंड दोन तृतीयांश होतं, आणि हे प्रमाण बहुतेक वेळा पुरेसं असतं. मोठा कॅमेरा असेल तर हेच काम 50 मिलिमीटरच्या भिंगाने होतं.

मधोमध उभं राहणं हा दुसरा भाग, आणि इथं डोळा फसतो. कमानीच्या मध्यावर आहोत असं वाटतं, पण दगडी वाटेच्या कडा, पाण्याचा पाट आणि माणसांची गर्दी यांमुळे अर्धा हात इकडेतिकडे सहज होतं. यावर मकबऱ्यानेच एक उत्तम खूण देऊन ठेवली आहे. समोरून पाहताना पुढचे दोन मिनार बाहेर दिसतात आणि मागचे दोन, लांब असल्यामुळे, त्यांच्या थोडे आत. डावीकडच्या पुढच्या-मागच्या मिनारांमधली फट आणि उजवीकडची फट सारखी दिसली की आपण इमारतीच्या मध्यरेषेवर आहोत. मग कमानीच्या दोन्ही आतल्या कडा बाहेरच्या मिनारांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहायचं. दोन्ही जुळलं तर प्रश्न मिटला. पहिलं जुळलं आणि दुसरं नाही, तर कमान आणि इमारत यांचे मध्य एका रेषेत नाहीत. अशा वेळी इमारतीची मध्यरेषा धरावी आणि कमान किंचित कलती राहू द्यावी. चौकट दोनचार बोटं चुकली तरी चालते, घुमट चुकलेला लगेच दिसतो.

उंचीचा मुद्दा कमी बोलला जातो. कमानीतून फोटो काढताना लोक फार चटकन गुडघ्यावर बसतात, कोणी तर जमिनीवर आडवे होतात, कारण त्यामुळे कमान भव्य दिसते. पण समोर वाटेवर माणसं आहेत. आपण उभे असू आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर सपाट जमिनीवर समोरच्या जवळच्या-लांबच्या सगळ्या माणसांची डोकी जवळपास एकाच आडव्या रेषेत येतात. ती रेषा इमारतीच्या पायथ्यापासून दीड मीटरवरून जाते. म्हणजे कितीही गर्दी असली तरी ती चौथऱ्याच्या तळाचाच काय तो भाग झाकते, संगमरवराचा पट्टा मोकळा राहतो. खाली बसलं की जवळचा माणूस अचानक दुमजली होतो आणि त्याचं डोकं थेट दर्शनी कमानीत घुसतं. पहाटे रिकामी बाग मिळाली तर खुशाल बसा, एरवी उभंच राहावं.

कॅमेरा वर न वाकवणं याच मुद्द्याला जोडून येतं. घुमट आत यावा म्हणून मोबाइल मागं झुकवला की मिनार एकमेकांकडे कलतात. साध्या घराच्या फोटोत ते खपून जातं. चार मिनार असलेल्या इमारतीत ते तंबूच्या खांबांसारखे दिसतात, आणि दगडी कमानीच्या सरळ बाजूही आत वाकतात, म्हणजे दोष दुप्पट दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर जाळीच्या रेघा सुरू करून तो सरळ उभा धरावा. खाली फरशी जास्त आली तर ती नंतर कापता येते.

कमानीतल्या फोटोत प्रकाशाचा प्रश्न अटळ असतो. आपण सावलीत, कमान सावलीत, मकबरा उन्हात. दोन्हीकडच्या उजेडात इतका फरक असतो की कॅमेऱ्याला काहीतरी सोडून द्यावं लागतं. त्याला मोकळं सोडलं तर तो अंधाऱ्या दगडाकडे बघून सगळंच उजळ करतो. मग कमानीची पोपडे उडालेली भिंत छान दिसते आणि गिलावा, संगमरवर, नक्षी सगळं एकच पांढरं होऊन जातं. मकबऱ्याचं नुकसान इथंच होतं, कारण त्याचं सगळं कोरीवकाम पांढऱ्यावर पांढरं आहे. उपाय साधा आहे: पडद्यावर घुमटाला बोट लावायचं, दाबून ठेवायचं आणि उजेड खाली ओढायचा. आयफोनवर तेव्हा वर `AE/AF LOCK` अशी अक्षरं येतात. आपल्याला हवा तो उजेड घुमटावरच्या रेषा दिसू लागेपर्यंतचा. कमान जवळजवळ काळी झाली तरी होऊ द्यावी. अलीकडचे मोबाइल आपणहून सावली उजळवतात आणि तिथंच खोली मरते. डोळ्याला लांबचं लांब वाटतं ते पुढचं काळं आणि मागचं उजळ असल्यामुळे. दोन्ही सारखंच उजळ केलं की दरवाजा आणि मकबरा एकाच कागदावर चिकटवल्यासारखे दिसतात.

मोठ्या कॅमेऱ्यावर लोकांना आणखी एक मोह होतो, कमान धूसर करण्याचा. फुलाच्या फोटोत ठीक आहे. इथं कमानीची कड धूसर झाली की मिनाराजवळची हवेची फट गढूळ होते आणि कुठं काय संपतं ते कळेनासं होतं. 50 मिलिमीटरच्या भिंगावर `f/11` ठेवून नजर मकबऱ्यावर साधली, तर साधारण साडेसात मीटरच्या पुढचं सगळं पुरेसं रेखीव येतं. आपली कमान नऊ मीटरवर आहे, म्हणजे ती आपोआप त्यात बसते. `f/4` वर ही हद्द वीस मीटरपलीकडे जाते आणि कमान विरघळते. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिपाई लावायला परवानगी लागते, पण दिवसाउजेडी तिची गरजच पडत नाही.

वर्षातला कोणता काळ? मकबऱ्याचं तोंड दक्षिणेला आहे आणि हे शहर उत्तर अक्षांश 20च्या किंचित अलीकडे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दर्शनी भिंतीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. सकाळी ते उजवीकडून तिरपं येतं, आणि नक्षीला सावली मिळते. मेच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो, उगवतो आणि मावळतोही ईशान्य-वायव्येकडे कलून. त्या दिवसांत दर्शनी भिंत सावलीत आणि मागचं आकाश झगझगीत असतं. कमान काळी, इमारत करडी, आकाश पांढरं, असा फोटो येतो. त्यात कौशल्य कमी पडलेलं नसतं, दिशा चुकलेली असते. पावसाळी ढगाळ दिवस त्यापेक्षा बरा, निदान सगळीकडे उजेड सारखा पसरतो.

झाडांची चौकट याहून अवघड, कारण झाडाला कड नसते. कमान कुठं संपते हे दगड सांगतो, फांदी कुठं संपते हे वारा ठरवतो.

मुंबईच्या ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर पाहा. विद्यापीठाचं ग्रंथालय आणि हा मनोरा ज्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आखला, तो कधी हिंदुस्थानात आलाच नाही, लंडनमधून नकाशे पाठवले. 1878मध्ये पुरा झालेला हा मनोरा 280 फूट, म्हणजे सुमारे 85 मीटर उंच. तोंड पश्चिमेला, मैदानाकडे. त्यामुळे सकाळी तो उजेडाविरुद्ध काळा उभा असतो आणि दुपारनंतर दगड उजळत जातो. इथंही यादी करायची: तळाच्या गाडीखान्याच्या कमानी, घड्याळ, वरच्या भागातल्या पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या मूर्ती, सगळ्यात वरचं टोक, आणि शेजारी ग्रंथालयाच्या कोपऱ्यांवरचे उघडे गोल जिने. या जिन्यांमुळेच मनोरा नुसता उंच खांब वाटत नाही, म्हणून ते झाकले जाऊ नयेत.

मैदानातून 150 मीटरवर उभं राहून मोबाइल उभा आणि सरळ धरला तर 100 मीटर उंचीपर्यंतचं दृश्य आत येतं. मनोरा पूर्ण मावतो, वर थोडं आकाश आणि खाली बरंच गवत. आकाशाचा तो रिकामा तुकडा पानांनी भरायचा, एवढंच झाडाचं काम. मैदानाच्या कडेच्या एखाद्या झाडाखाली आलो, फांदी आपल्यापासून पाच मीटरवर आहे असं समजा. आता अर्धा मीटर डावीकडे सरकलो तर ती फांदी मनोऱ्याच्या अंगावर जवळपास साडेचौदा मीटर उजवीकडे सरकलेली दिसते. म्हणजे घड्याळावर आलेली डहाळी बाजूला न्यायला एक पाऊलही जास्त होतं, नुसता भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला तरी फरक कळतो. इथं हात लांब करून, शरीर हलवून जागा शोधावी लागते. डोळ्याने पाहून मग मोबाइल वर केला तर डोळा आणि भिंग यांच्यात वीतभर अंतर पडतं आणि डहाळी पुन्हा घड्याळावर येते. म्हणून सगळी शोधाशोध पडद्यात पाहूनच करायची.

पानांनी मनोऱ्याची बाह्यरेषा कुठंही तुटू नये, हा माझा सगळ्यात कडक नियम. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात पानं, एका कडेला खोड, आणि मधली रेषा पायथ्यापासून टोकापर्यंत अखंड. भिंतीच्या मोठ्या सपाट भागावर दोन पानं आली तर मी दुर्लक्ष करतो, कारण तिथं डोळा भिंत आपणहून पुरी करतो. टोकावर, कोपऱ्यावर किंवा मूर्तीवर एक पान आलं तरी ती जागा नाहीशी होते. तपासायला डोळे बारीक करून पाहावं: मनोऱ्याचा आकार एकसंध दिसला तर ठीक. उंच सरळ खोडाच्या ताडामाडांचा त्रास वेगळा. त्यांचं खोड मनोऱ्याला समांतर उभं राहतं आणि त्याच्याशी स्पर्धा करतं. ते मनोऱ्याच्या जवळ ठेवलं तर जणू इमारतीतूनच उगवलेलं वाटतं, म्हणून त्याला चित्राच्या अगदी कडेला ढकलावं, वरून फक्त झावळ आत येऊ द्यावी.

झाडाचा महिनाही इमारतीइतकाच पाहावा लागतो. गुलमोहर फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊ लागतो. त्याच्या उघड्या फांद्या गॉथिक कोरीवकामावर आल्या की नक्षी कुठली आणि डहाळी कुठली ते उमगत नाही. मेमध्ये तो फुलतो तेव्हा लाल रंग इतका जोरात असतो की दगड बिचारा मागं पडतो. पावसाळ्यात पानं दाट होतात आणि काल जिथून मनोरा दिसत होता तिथून नुसती हिरवी भिंत दिसते. मला ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा वाटतो, पानं शाबूत आणि ऊन खाली उतरू लागलेलं. समुद्राकडून वारा असेल तर शटर सेकंदाच्या 250व्या भागाइतकं तरी जलद हवं, नाहीतर पानांची कड मनोऱ्यावर पुसट डागासारखी पसरते.

आणि काही फोटोंना चौकट नकोच. वास्तूची दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला गिलाव्यावरची भेग दाखवायची असेल, किंवा इमारतीचं मोजमाप नोंदवायचं असेल, तर कमान आणि फांदी या दोन्ही अडचणीच आहेत. तिथं समोर, सरळ, मोकळ्या जागेवरून, ढगाळ उजेडात घेतलेला फोटोच कामाचा असतो.